चाळीस सह्यांचा प्रश्न

तारीखबाईंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. पोरांनी, पोरांच्या आईबापांनी, एवढंच काय खुद्द हेडसरांनीही त्यांना दुसऱ्या नावानं कधी ओळखलं नाही. बाई इतिहास शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे कोंबायच्या. एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणेचा धडा आला की अख्ख्या वर्गाला घाम फुटायचा. कुठली संस्था कधी निघाली, मुलींची पहिली शाळा कधी उघडली, विधवाविवाहाचा कायदा कोणत्या साली झाला, कोण कधी जन्मला आणि कधी गेला, सगळं ओळीनं. टेबलावर हातभर लांबीची जाड लाकडी पट्टी असायची. साल चुकलं की हात पुढे, आणि एका चुकीला एक फटका. चूक एका वर्षाची असो की पन्नास वर्षांची, फटका तेवढाच. तेवढ्या बाबतीत बाई अगदी न्यायी होत्या.

पट्टी त्यांच्या वडिलांची. तेही मास्तर होते आणि घरी आल्यावरही मास्तरच असायचे. बाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा सांधा सातव्या वर्षीच सुजून कायमचा जाड झाला, तो त्या पट्टीनं. गंमत म्हणजे बाई तो सांधा वर्गात अभिमानानं दाखवायच्या. "या बोटात शंभर सालं बसलीत," म्हणायच्या, "तुमच्या डोक्यात दहा बसत नाहीत?"

बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. पण चांगल्या माणसाच्या हातचा मार काही कमी लागत नाही, आणि इथं कुणाचीही बाजू घेऊन मी काही झाकणार नाही. बाई मारायच्या. नखांवर मारायच्या, पोटऱ्यांवर मारायच्या, आणि निकाल लागला की पेढ्यांऐवजी टक्केवारी वाटायच्या.

मग एके दिवशी आठवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली. दुसऱ्या बाकावरची, किरकोळ, एरवी तोंड न उघडणारी. बाईंनी तिला विधवाविवाहाच्या कायद्याचं साल विचारलं होतं. तिनं ते बरोबर सांगितलं. खाली बसायचं, तर बसली नाही.

"बाई, कायदा तेव्हाच झाला ना?"

"मग सांगितलंस काय आत्ता?"

"मग माझ्या मावशीला का मारलं?"

बाईंना वाटलं, पोरगी उलट बोलतेय. धड्याच्या खाली बारा प्रश्न छापलेले होते आणि हा त्यात नव्हता. त्यांचा हात उठला. पट्टी खांद्यावर पडायची ती मुलीनं मान वळवल्यामुळे डाव्या कानावर पडली. मुलगी ओरडली नाही. कानातून रक्ताची बारीक ओळ निघाली आणि गळपट्टीत शिरली. तेव्हा कुठे बाईंनी पट्टी खाली ठेवली, आणि पुढच्या मुलाला पुढचं साल विचारलं. हे मी मुद्दाम सांगतोय. त्यांनी पुढचं साल विचारलं.

मावशीची हकीकत त्यांना तीन दिवसांनी शिक्षकखोलीत कळली. वय सत्तावीस. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. एका सुताराशी लग्न करणार म्हणाली, म्हणून दोन दिरांनी तिला परसात लाकडाच्या ओंडक्यानं मारून टाकलं. भाची खिडकीत उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

पुढच्या आठवड्यात मुलगी कानात कापूस घालून वर्गात आली. बाईंनी नजर चुकवून तिला एक सोपं साल विचारलं. तिनं बरोबर सांगितलं, अगदी पाठ केल्यासारखं, आणि मुकाट्यानं बसली. त्या बरोबर उत्तरानंतर बाईंनी पुढचं साल कुणालाच विचारलं नाही. पट्टी त्याच दिवशी शिक्षकखोलीतल्या त्यांच्या कपाटात गेली. फेकली नाही. रोज खडू काढताना ती दिसायची, आणि दिसावी म्हणूनच त्यांनी ती ठेवली होती.

त्याच मुलीनं पुढे इतिहास घेतला, शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि अकरा वर्षांनी त्याच शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. सगळे तिला धाकट्या बाई म्हणू लागले. शिक्षकखोलीत ती नेहमी तारीखबाईंच्या डाव्या हाताला बसायची, म्हणजे तिचा चांगला, उजवा कान त्यांच्याकडे येई. दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. कानाबद्दल अवाक्षर कधी निघालं नाही. तारीखबाईंच्या ओठांवर ते शंभरदा यायचं आणि त्या घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकायच्या.

प्रश्न काढायला त्यांना शिकवलं ते धाकट्या बाईंनीच. पन्नाशी उलटल्यावर.

"सुधारकांची नावं आणि सालं लिहा, हा प्रश्न नव्हे बाई," ती म्हणायची. "ही हमाली झाली. पुस्तकातून उचललं, कागदावर टाकलं."

"मग 'विधवाविवाह चळवळीचं महत्त्व सांगा' असं विचारू."

"तेही पाठ करून येतील. महत्त्वाचे पाच मुद्दे गाईडात छापलेत."

"बरं. 'ही चळवळ चांगली होती का?'"

"कोण नाही म्हणेल? अन् नाही म्हणालाच कुणी, तर गुण कशाचे देणार?"

तारीखबाई चिडायच्या, पेन आपटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी नवा कच्चा कागद घेऊन यायच्या. असे एकोणीस कागद झाले. दहावीच्या सराव परीक्षेला पाच गुणांचा एक प्रश्न द्यायचा होता, त्याच्यासाठी एवढा घोळ. शेवटी जो प्रश्न उतरला तो असा.

त्यात तीन पुरावे दिले होते. पहिला, एका सभेचा ठराव: विधवांना पुन्हा लग्न करता आलं पाहिजे, खाली चाळीस सह्या. दुसरा, त्या काळातल्या एका विधवेचं पत्र: कायदा झाला म्हणतात, पण लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा माझा हक्क त्याच कायद्यानं जातो, आणि मला काय हवंय हे सभेत कुणी विचारलं नाही. तिसरा, एक छोटा तक्ता: सह्या करणाऱ्या चाळीस घरांत पुढच्या दहा वर्षांत किती विधवा होत्या आणि किती विवाह झाले. विधवा एकतीस. विवाह एक.

आणि खाली प्रश्न: 'ही चळवळ कितपत यशस्वी झाली? तिन्ही पुरावे वापरून तुमचं मत मांडा. तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारा पुरावा कोणता, तेही सांगा.'

गुणदानाचा तक्ता धाकट्या बाईंनी केला. मत काय आहे याला गुण नाही. यशस्वी म्हणा, फसली म्हणा. मत स्पष्ट मांडलं तर एक. दोन पुरावे नेमके वापरले तर दोन. त्या काळच्या अडचणी ध्यानात घेतल्या, आजच्या गजानं मोजलं नाही, तर एक. आणि आपल्याच मताविरुद्धचा पुरावा प्रामाणिकपणे मांडला तर शेवटचा एक.

"शेवटचा गुण फार थोड्यांना मिळेल," धाकट्या बाई म्हणाल्या.

"मलाही मिळाला नसता," तारीखबाई म्हणाल्या.

चूक झाली ती छपाईच्या वेळी, आणि ती तारीखबाईंनी स्वतःच्या हातानं केली. पुरावे त्या दोघींनी रचलेले होते आणि तसं सांगणारी एक ओळ खाली होती: 'वरील उतारे परीक्षेसाठी रचलेले आहेत.' पण प्रश्नपत्रिका बरोबर एका ओळीनं तिसऱ्या पानावर जात होती. शाळेचा नियम दोन पानांचा. बाईंनी ती ओळ काढून टाकली. गुण ज्या ओळीला नाहीत ती पेपर काढणाऱ्याला सगळ्यात आधी फालतू वाटते. आणि दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानातही नव्हती. चाळीस हा आकडा त्यांना सुचला कुठून? शाळेच्या आवारात, फाटकासमोर, संस्थेच्या मूळपुरुषाचा पुतळा होता. थोर सुधारक. चौथऱ्यावर कोरलेलं: 'चाळीस सहकाऱ्यांसह विधवाविवाहाचा ठराव मांडणारे.' सव्वीस वर्षं त्या रोज त्या पुतळ्यापुढून आत यायच्या. आकडा डोक्यात मुक्कामाला होता, तो हळूच प्रश्नात उतरला.

त्या मूळपुरुषाचा पणतू म्हणजे शाळेचे अध्यक्ष. आणि अध्यक्षांची मुलगी दहावीत, आसन क्रमांक सव्वीस.

सोमवारी इतिहासाचा पेपर झाला. मंगळवारी वरच्या मजल्यावर भूगोलाचा चालू होता आणि खाली शिक्षकखोलीत दोघी इतिहासाचा गठ्ठा तपासत बसल्या होत्या. साडेबारा वाजले असतील. तारीखबाईंनी सव्वीस नंबर उघडला.

'ठरावावर चाळीस सह्या आहेत, म्हणजे चाळीस माणसांना सभेत लाज वाटली,' मुलीनं लिहिलं होतं. 'विवाह एक झाला, म्हणजे घरी एकालाच वाटली. विधवेच्या पत्रावरून दिसतं की कायद्यानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. त्या काळी समाज वाळीत टाकत असे, म्हणून लोक भीत असतील, हे मान्य केलं पाहिजे. पण आता वाळीत कोण टाकतं? माझी आत्या तीन वर्षांपूर्वी विधवा झाली. तिनं लग्न ठरवलं. सात महिने झाले, ती आमच्या वरच्या खोलीत आहे. कडी बाहेरून आहे. बाबा पट्ट्यानं मारतात. तिचा हात मोडला तेव्हा डॉक्टर आणला नाही, तो वाकडाच जुळला. परवा तिनं दोन दिवस जेवण परत पाठवलं. जिन्यात बाबांच्या पणजोबांची तसबीर आहे, ती रोज पुसतात. म्हणून माझं मत असं की चळवळ फसली.'

आता बघा, सवय माणसाला कुठवर नेते. तारीखबाईंनी लाल पेनानं समासात आधी गुण मांडले. मत एक, पुरावे दोन, काळाचं भान एक. विरुद्ध पुरावा नाही, शून्य. पाचपैकी चार. चाराभोवती गोल केला. आणि मग पेन हातातून पडलं.

त्यांनी कागद डावीकडे सरकवला. धाकट्या बाईंनी वाचला. वाचता वाचता तिचा हात आपसूक डाव्या कानाकडे गेला आणि कानावर तसाच राहिला.

"बाई," ती म्हणाली, "हा प्रश्न मी तुम्हाला विचारला होता."

"हो."

"तेव्हा मावशी मेली होती. ही जिवंत आहे."

तारीखबाई उठल्या. उत्तरपत्रिका दुमडून त्यांनी धाकट्या बाईंच्या पिशवीत घातली. "मागच्या दारानं जा. पोलीस ठाण्यात. नुसतं सांगू नकोस, हे वाचायला लाव. वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मला चाळीस पेपर तपासायचेत. पळ."

पाच मिनिटंही झाली नसतील, अध्यक्षांची गाडी फाटकात थांबली. आदल्या संध्याकाळी त्यांनी मुलीची प्रश्नपत्रिका पाहिली होती. चाळीस सह्या पाहिल्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तू काय लिहिलंस, असं त्यांनी मुलीला विचारलं, तर ती गप्प. थोबाडीत दिली, तरी गप्प. म्हणून आज ते पेपर घ्यायला आले होते. सोबत ड्रायव्हर आणि पुतण्या. हेडसरांना त्यांची चाहूल लागली आणि अचानक आठवलं की वरच्या मजल्यावर पर्यवेक्षण नीट चाललंय का ते बघायचं राहिलंय.

पुतण्यानं दार लावलं आणि पाठ टेकून उभा राहिला.

"सव्वीस नंबर काढा," अध्यक्ष म्हणाले. आवाज सभेतला, गोड.

तारीखबाईंच्या लक्षात त्या क्षणी एक साधा हिशेब आला. हा माणूस जितका वेळ इथं आहे, तितका वेळ तो घरी नाही. मुलगी दीडपर्यंत वर भूगोल लिहीत बसलेली. आत्या कडीआड. म्हणजे आपलं काम एवढंच, याला इथं धरून ठेवायचं.

"बसा तरी," त्या म्हणाल्या. "पेपर नंबरवार लावलेले नाहीत. शोधावा लागेल."

त्यांनी एकेक पेपर सावकाश उलटायला सुरुवात केली. बाराव्या पेपरला अध्यक्षांनी गठ्ठाच हिसकावला. ड्रायव्हरनं सगळे पेपर जमिनीवर पसरून पाहिले. सव्वीस नव्हता.

"कुठाय?"

"साहेब, आधी एक सांगा. तुम्हाला त्या प्रश्नाचा एवढा राग का?"

"आमच्या पणजोबांची बदनामी केलीत म्हणून! चाळीस घरं आणि एक लग्न? कुठून आणलंत हे?"

"रचलंय. पूर्णपणे रचलेलं आहे. त्यात तुमच्या पणजोबांचं नावही नाही."

"चाळीस सह्या म्हणजे आमचंच घर, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"सह्यांचं सोडा. ते एक लग्न तरी खरं आहे का? का तेवढंही नव्हतं?"

थोबाडीत बसली ती इतकी सणसणीत की बाई खुर्चीसकट आडव्या झाल्या. डोकं फरशीवर आपटलं. तोंडात खारट चव आली, जिभेनं चाचपून पाहिलं तर दात हलत होता. बाई उठून बसल्या आणि त्यांनी तो दात बोटानं काढून पदरात ठेवला. पुतण्यानं मान दुसरीकडे वळवली.

"पेपर कुठाय, म्हातारे?"

"कपाटात बघा," बाई म्हणाल्या. कपाटात बघायला वेळ लागतो.

ड्रायव्हरनं कपाट उचकटलं. खडूंचे डबे, नकाशे, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, सगळं जमिनीवर आलं. सगळ्यात शेवटी आली ती पट्टी. अध्यक्षांनी ती उचलली, हातात तोलली. बाईंनी ती त्यांच्या हातात पाहिली आणि त्यांच्या घशातून आवाज निघाला. आता मात्र त्या घाबरल्या. त्या पट्टीचं वजन जगात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ड्रायव्हरनं त्यांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला.

"बोला."

पहिला फटका नखांवर पडला. लहानपणी वडील मारायचे तेव्हा त्या मनात सालं म्हणायच्या, म्हणजे रडू येत नसे. आताही ओठ आपोआप हलू लागले. पहिल्या फटक्याला मुलींच्या शाळेचं साल, दुसऱ्याला कायद्याचं, तिसऱ्याला कुठल्याशा संस्थेचं. चौथ्याला मधल्या बोटाचा जाड सांधा फुटला. त्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. पाचव्या आणि सहाव्या फटक्याला कातडं फाटलं, तिथून रक्त लाल शाईवर सांडलं आणि कुठलं काय हे कळेना. सातव्याला साल आठवेना. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाईंना एकही साल आठवेना. डोक्यात फक्त एक किरकोळ मुलगी उभी होती, खाली बसत नव्हती.

"काका, पुरे," पुतण्या म्हणाला. "मरेल ती."

"तू दार सांभाळ!"

आठवा फटका मनगटावर पडला. बाई किंचाळल्या. त्यांना लाज वाटली नाही. त्या बेंबीच्या देठापासून किंचाळल्या, आणि किंचाळता किंचाळता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. एक वाजून पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.

मग अध्यक्षांच्या खिशातला फोन वाजला. घरून होता. ते ऐकत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला. "कुणी उघडली कडी?" ते ओरडले. "पोलिसांना आत घेतलंच कुणी?" पट्टी टाकून ते दाराकडे धावले. पुतण्या बाजूला झाला नाही. काकांनी त्याला ढकलला, तो हलला नाही. दोघांची झटापट झाली, दाराची काच फुटली, अध्यक्षांच्या दंडात तिचा तुकडा घुसला, आणि दार उघडलं तेव्हा बाहेर दोन हवालदार उभे होते. दीडची घंटा झाली. भूगोलाची मुलं जिना उतरू लागली.

हे सगळं नंतर कळलं: धाकट्या बाई ठाण्यात फौजदारबाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. फौजदारबाईंनी उत्तर दोनदा वाचलं. मग मुलीजवळ थांबायला दोन हवालदार शाळेकडे धाडले आणि टोपी उचलली. वरच्या खोलीत आत्या भिंतीला टेकून बसलेली सापडली, पाठीवर पट्ट्याचे वळ एकावर एक. चालता येईना, म्हणून तिला खुर्चीत बसवून खाली आणली. जिन्यातली तसबीर खुर्चीचा कोपरा लागून पडली. कुणी उचलली नाही.

दवाखान्यात धाकट्या बाई तारीखबाईंच्या उशाशी बसल्या होत्या. खाटेच्या डाव्या बाजूला जागा कमी, म्हणून ती आज उजव्या हाताला बसली होती. तारीखबाईंच्या उजव्या हाताला खांद्यापर्यंत प्लॅस्टर होतं आणि जबडा सुजलेला. बारा वर्षं गिळलेलं त्या अखेर बोलल्या.

"तुझा कान मी फोडला. तू खरं विचारलं होतंस आणि मी तुला मारलं. मला माफ कर."

धाकट्या बाई सफरचंद चिरत राहिल्या. तारीखबाईंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं. मग तिनं ते पाहिलं, सुरी ठेवली आणि खुर्ची उचलून खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेली.

"त्या कानानं काही येत नाही बाई. आता म्हणा."

तारीखबाईंना ते पुन्हा म्हणावं लागलं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. धाकट्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. सफरचंदाची फोड मात्र बाईंच्या तोंडात घातली, पडलेल्या दाताची बाजू चुकवून.

खटला उभा राहिला. शाळेचा कारभार हाती घेतलेल्या नव्या मंडळींनी तो पाच गुणांचा प्रश्न रद्द केला आणि त्याच्या जागी 'पाच सुधारकांची नावे व कार्याची साले लिहा' असा प्रश्न देऊन फेरपरीक्षा घेतली. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. तारीखबाईंचा हात मोकळा झाला तेव्हा मधली तीन बोटं मिटत नव्हती. त्या डाव्या हातानं लिहायला शिकत होत्या, पहिलीतल्या मुलासारखं, जीभ बाहेर काढून.

पाच महिन्यांनी एका सकाळी सव्वीस नंबर त्यांच्या घरी आली. ती आणि आत्या आता धाकट्या बाईंच्या शेजारी भाड्यानं राहत होत्या.

"बाई, माझा एक गुण कापलात."

"विरुद्ध पुरावा लिहिला नाहीस."

"होता तो. तक्त्यातच होता. एक विवाह झाला होता ना. मी त्याला शून्यासारखंच मोजलं. एकतीस बायकांत एक म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं."

"आणि आता?"

"त्या एकीला ते काहीच नाही असं वाटलं नसेल."

"पेपर कोर्टात आहे," त्या म्हणाल्या. "पुरावा म्हणून जमा आहे. त्याच्यावर मला आता गुण वाढवता येत नाही."

"गुण राहू दे बाई. तुमची सही पाहिजे. आत्ता. आत्या खाली रिक्षात बसलीय."

विवाह नोंदणीच्या कार्यालयात तीन साक्षीदार लागतात. दोन झाले होते, धाकट्या बाई आणि फौजदारबाई. आत्या बाकावर बसली होती, वाकडा हात मांडीवर, शेजारी मोटार दुरुस्तीवाला, जो सात महिने तिला शोधत फिरला होता आणि ज्याला अध्यक्षांच्या माणसांनी दोनदा रस्त्यात आडवा पाडला होता. त्याच्या भुवईवर टाक्यांची खूण होती. दोघं नुसती खेटून बसली होती.

कारकुनानं नोंदवही तारीखबाईंपुढे सरकवली. त्यांनी उजवा हात पुढे केला, मग आठवण होऊन मागे घेतला. डाव्या हातानं पेन धरलं. सही वाकडी आली, ओळीच्या वर चढली आणि शेवटचं अक्षर निसटून चौकटीबाहेर गेलं. सव्वीस वर्षं हजेरीपटावर पडून राहिलेलं ते पूर्ण नाव आज पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला येत होतं.

"सहीखाली आजची तारीख घाला," कारकून म्हणाला.

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आवरेना. सव्वीस नंबरनं पुढे होऊन वही धरली, म्हणजे ती हलणार नाही. बाईंनी आधी दिवस लिहिला, मग महिना, आणि मग सावकाश, एकेक आकडा कोरत, साल.